‘कॉज’ या शब्दाची संगत

शेतीविषयक संशोधन करणारी एखादी विद्यार्थिनी आपल्या इंग्रजी शोधनिबंधात लिहिते की नव्या खताने उत्पादनात वाढ ‘कॉज’ केली. वाक्यात व्याकरणाची चूक नाही. शब्दकोश उघडला तर ‘कॉज’ म्हणजे घडवून आणणे, एखाद्या गोष्टीचे कारण होणे, एवढाच अर्थ सापडतो. तरीही इंग्रजीत मुरलेला संपादक त्या क्रियापदावर काट मारतो आणि तेथे ‘लेड टू’ किंवा ‘प्रोड्यूस्ड’ लिहितो. का, असे विचारले तर त्याला बहुधा सांगता येत नाही. कानाला खटकते, एवढेच तो म्हणतो. हे खटकणे नेमके कोठून येते आणि ते मोजता येते का, हा भाषाविज्ञानातला खराखुरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शब्दकोशात नसते, कारण ते एकट्या शब्दात नसतेच. ते त्याच्या शेजाऱ्यांत असते. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ओळखावा, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी मांडला. लंडनमध्ये नावारूपाला येण्यापूर्वी ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. ध्वनिविचारात फर्थ ‘प्रॉसडी’ हा शब्द वापरत. एखादा गुण एकाच ध्वनीत कोंडलेला न राहता शेजारच्या ध्वनींवरही पसरतो, असे त्यांचे म्हणणे. ‘मामा’ म्हणताना आकार किंचित नाकातून येतो. तो मुळात अनुनासिक नाही. दोन्हीकडच्या ‘म’ने त्याला आपला रंग दिलेला असतो. पुढे जॉन सिंक्लेअर यांनी हीच कल्पना अर्थाला लावली आणि १९९३ मध्ये बिल लाऊ यांच्या लेखातून ‘सिमँटिक प्रॉसडी’ ही संज्ञा रूढ झाली. शेजाऱ्यांचा बरेवाईटपणा दीर्घ सहवासाने शब्दात मुरतो, असा तिचा आशय.

सिंक्लेअर यांना हे बर्मिंगहॅममध्ये दिसले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोबिल्ड शब्दकोशासाठी तेथे संगणकावर इंग्रजीचा प्रचंड मजकूर साठवण्यात आला होता. अशा संग्रहाला कॉर्पस म्हणतात. त्यातून एखाद्या शब्दाच्या सगळ्या ओळी काढून, तो शब्द मधोमध येईल अशा रीतीने त्या एकाखाली एक रचल्या की एरवी न दिसणारी गोष्ट डोळ्यांत भरते. ‘सेट इन’ या क्रियापदाचे कर्ते त्यांनी असे पाहिले, तेव्हा कुजणे, ऱ्हास, नैराश्य, संसर्ग अशीच मंडळी रांगेने उभी होती. शब्दकोशांच्या आजवरच्या व्याख्यांत याचा मागमूस नव्हता.

‘कॉज’चा हिशेब १९९५ मध्ये मायकेल स्टब्ज यांनी मांडला. या शब्दाच्या सोबतीला वारंवार येणारे शब्द त्यांनी काढले: अपघात, कर्करोग, चिंता, नुकसान, मृत्यू, अडचण, त्रास. साधारण पाचातल्या चार ठिकाणी परिणाम अनिष्ट होता. इष्ट परिणाम अगदी तुरळक आणि उरलेले तटस्थ. त्याच लेखात ‘प्रोव्हाइड’ या क्रियापदाची संगत नेमकी उलटी निघाली: मदत, माहिती, सेवा, आधार. दोन्ही शब्दांच्या व्याख्येत बऱ्यावाइटाचा उल्लेख नाही, आणि तरीही त्यांची वस्ती निरनिराळ्या आळ्यांत आहे.

‘वारंवार’ म्हणजे किती, हे ठरवल्याशिवाय मात्र या यादीला किंमत नाही, कारण मोठ्या संग्रहात कोणताही शब्द कोणाच्याही शेजारी योगायोगाने येऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष सापडलेली संख्या O आणि निव्वळ योगायोगाने अपेक्षित असलेली संख्या E यांची तुलना करतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा लाख शब्दांच्या संग्रहात ‘कॉज’ २०० वेळा आणि ‘डॅमेज’ १०० वेळा आला आहे, आणि ‘कॉज’च्या दोन्ही बाजूंचे चार-चार, असे आठ शब्द आपण शेजारी मानतो. शब्द वाटेल तसे विखुरलेले असते तर ही जोडी २०० × १०० × ८ भागिले दहा लाख, म्हणजे ०.१६ वेळा दिसली असती. ती ८ वेळा दिसली असेल, तर अपेक्षेच्या ५० पट. हे मोजण्याची नेहमीची दोन सूत्रे अशी:

```
MI = log2(O / E)
t  = (O - E) / sqrt(O)
```

‘डॅमेज’साठी MI सुमारे ५.६ आणि t सुमारे २.८ येतो. आता संग्रहात एकदाच आलेला आणि योगायोगाने ‘कॉज’च्या शेजारी पडलेला एखादा दुर्मीळ शब्द घ्या. त्याचा E फक्त ०.००१६, म्हणून MI थेट ९.३ वर जातो. एकदाच दिसलेला शेजारी आठ वेळा दिसलेल्या शेजाऱ्याला मागे टाकतो, हे उघडच हास्यास्पद आहे. t मात्र १ च्या आसपास राहतो आणि नेहमीच्या २ च्या उंबरठ्यापाशी अडतो. केवळ MI च्या क्रमाने यादी लावून ‘संगत’ जाहीर करणारे कित्येक विद्यार्थी येथेच फसतात. यादीच्या माथ्यावर विचित्र, एकेकदाच आलेले शब्द दिसले की ओळखावे.

दुसरा खड्डा आकड्यांचा नसून वाचनाचा आहे. नाम म्हणून ‘कॉज’ ध्येय किंवा कार्य या अर्थानेही येतो, आणि तेव्हा त्याच्या आधी ‘गुड’ किंवा ‘नोबल’ असणे स्वाभाविक असते. संगणकाने नाम आणि क्रियापद एकत्र मोजले, तर दोन वेगळ्या शब्दांची संगत एका खात्यात जमा होते. शिवाय ‘चेंज’सारखा शेजारी इष्ट की अनिष्ट, हे ओळ पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही. बदल हवामानातला की आजारी माणसाच्या प्रकृतीतला? निवाडा अखेर माणसालाच करावा लागतो, आणि दोन वाचकांचे निवाडे जुळतात की नाही हे तपासावेच लागते.

सगळ्या शब्दांना एकाच मापाने मोजण्यातही गफलत होते. ‘राइफ’ म्हणजे बोकाळलेला, माजलेला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ विपुल असा होता. आज तो भ्रष्टाचार, अफवा, रोगराई यांच्यासाठीच राखून ठेवल्यासारखा झाला आहे. येथे वाईटपणा इतका पक्का मुरला आहे की शब्दकोशकारही तो नोंदवतात, तेव्हा संगतीचे रहस्य उरत नाही. ‘शीअर’ दुसऱ्या टोकाला आहे. निव्वळ मूर्खपणा, निव्वळ दहशत यांच्यासोबत तो येतो खरा, पण निव्वळ आनंद, निव्वळ संख्या, निव्वळ वजन यांच्यासोबतही तितक्याच सहजतेने येतो. त्याला नकारात्मक म्हणण्यापेक्षा अतिरेक दाखवणारा म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. ‘कॉज’ या दोहोंच्या मध्ये आहे आणि म्हणूनच तो सर्वांत रंजक: व्याख्या तटस्थ, वावर एकतर्फी.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी यावर लगेच हरकत घेईल. बल त्वरणाचे कारण होते, चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाने भरती येते. ही वाक्ये इंग्रजीत ‘कॉज’ वापरूनच लिहितात आणि त्यांत अनिष्ट काहीच नसते. हरकत रास्त आहे. सुझन हन्स्टन यांनी २००७ मध्ये नेमके हेच दाखवले. परिणाम माणसाच्या हिताहिताशी जोडलेला असतो तेथे ‘कॉज’ची छाया पडते, नैसर्गिक यंत्रणेचे वर्णन करणाऱ्या वैज्ञानिक गद्यात ती जवळजवळ विरून जाते. म्हणजे छटा शब्दाला कायमची चिकटलेली नाही; ती शब्द आणि मजकुराचा प्रकार यांच्यामधली आहे. आणखी एक शंकाही राहतेच. माणसे कारण विचारतात ते मुळी काही बिघडल्यावर. गाडी वेळेवर आली तर कोणी कारण शोधत नाही. तेव्हा हा शब्दाचा गुण की जगाचा? ‘कॉज’सारखाच अर्थ असलेल्या ‘प्रोड्यूस’ची संगत तितकी काळवंडलेली नसते, त्यावरून काही वाटा तरी शब्दाचा असावा असे म्हणता येते.

तो वाटा वाचकाच्या मनातही उतरतो. २०१६ मध्ये डेव्हिड हॉसर आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांसमोर अपरिचित वैद्यकीय परिणाम ठेवला होता. काहींना तो ‘कॉज’ने सांगितला, काहींना ‘प्रोड्यूस’ने. परिणाम चांगला की वाईट याचा अन्य सुगावा नसताना ‘कॉज’ वाचलेल्यांनी तो अधिक वाईट मानला. औषधाच्या वेष्टनातील पत्रक किंवा लसीच्या चाचणीची बातमी लिहिणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे. प्रतिपिंडांची निर्मिती लसीने ‘कॉज’ केली असे छापले गेले, तर तथ्य बरोबर असूनही वाचकाच्या मनात एक नाहक किंतु पेरला जातो.

भारतीय इंग्रजीत हे कसे आहे, ते पडताळण्याचे साधन महाराष्ट्रातच घडले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस तयार झाला: १९७८ मध्ये छापलेल्या मजकुरातून घेतलेले सुमारे दोन-दोन हजार शब्दांचे ५०० उतारे. त्याची रचना १९६१ च्या अमेरिकी आणि ब्रिटिश इंग्रजीच्या ब्राऊन व एलओबी या संग्रहांच्या धर्तीवर आहे. म्हणून वृत्तपत्रीय विभागातला ‘कॉज’ आणि वैज्ञानिक विभागातला ‘कॉज’ तिन्ही ठिकाणी शेजारीशेजारी ठेवता येतात. काळातले सतरा वर्षांचे अंतर विसरू नये, आणि दहा लाख शब्दांत एका क्रियापदाच्या ओळी शेकड्यांतच सापडतात हेही. पण तेवढ्या ओळी एका रविवारी डोळ्यांखालून घालता येतात.

मराठीत ‘-मुळे’ हा प्रत्यय निष्पक्ष आहे. तुमच्यामुळे काम झाले आणि तुमच्यामुळे काम बिघडले, दोन्ही सहज म्हणतात. ‘कारणीभूत’ मात्र अपघाताला, अपयशाला, भांडणाला शोधत फिरतो. यशालाही कोणी कारणीभूत ठरतो, पण ऐकताना कान क्षणभर अडखळतो. डास, भुरटे चोर यांचा ‘सुळसुळाट’ होतो. चांगल्या शिक्षकांचा होत नाही, झालाच तर बोलणारा चेष्टा करत असतो. ही सारी कानाची साक्ष आहे, मोजणीची नव्हे. ‘कारणीभूत’च्या पाचशे ओळी कोणी एकाखाली एक रचल्या, तर पहिला प्रश्न हाच असेल की वृत्तपत्रे बाजूला काढून वैज्ञानिक मराठी वेगळी मोजल्यावर त्याची छाया ‘कॉज’सारखीच फिकट होते का.