फिट म्हणजे लगेच आठ तास नव्हे

यवतमाळकर मित्रांनो, फिट सर्टिफिकेट भेटलं की उद्यापासून पूर्ण पाळी, असंच आपल्याकडं धरतात. मी सूतगिरणीत ब्लोरूमला आहे. टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स संपला, डॉक्टरांनी कामाला योग्य लिहिलं. पण एक जिना चढला की दम लागते. अर्धवट बरा असा रकाना कुठंच नाही. ईएसआयचंही तसंच. ज्या दिवशी कामावर जाऊन मजुरी घेतली, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ बंद, मग चार तास का असेना. म्हणून मधला रस्ता मॅनेजर साहेबांना लेखी मागितला.

"मा. साहेब, पहिले दोन आठवडे सकाळी १० ते २, पुढचे दोन १० ते ४, पाचव्या आठवड्यापासून पूर्ण पाळी. पगार तासांप्रमाणे द्यावा, सेवा मात्र अखंड धरावी. ब्लोरूममध्ये कापसाची धूळ फार, म्हणून महिनाभर स्टोअरला चलनाचं काम द्यावं. दर दुसऱ्या शनिवारी बसून बघू. वजन घटलं किंवा खोकला उलटला तर आधीच्या पायरीवर यायची मुभा असावी. माझ्या मशीनवर सध्याचा बदली कामगारच महिनाभर राहू द्यावा."

सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. नुसतं 'हलकं काम' असं नको, तास आणि आठवडे त्यांच्याच अक्षरात घेतले. नाहीतर हलकं म्हणजे काय, हे सुपरवायझर ठरवते!

साहेबांनी कागद हाती घेतला अन् आधी बदली कामगाराचीच ओळ वाचली. दोन आठवड्यांची मंजुरी तिथंच दिली; पुढचं पहिल्या बैठकीत.