शुक्रवारची गाडी, शनिवारची पाटी

डिसेंबरातला शुक्रवार होता. दादरला बहिणीकडे दोन रात्री राहायचं होतं. सासवण्याहून गाडी घेऊन मांडव्याला पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि बोटीची रांग हलायला लागली होती. पे अँड पार्कच्या फाटकाशी आठ-दहा गाड्या अडकलेल्या. जेटीकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला मात्र एक मोकळी जागा दिसली. थोडं पुढं खांबावर नो पार्किंगची पाटी होती. ती मी न वाचता गाडी लावली, असं कुणी म्हणू नये. मी वाचली. निळ्या गोलाखाली पांढरी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं: शनि., रवि. व सुट्टीचे दिवस, स. 8 ते रा. 8. आज शुक्रवार. गाडीला कुलूप घातलं आणि बोटीकडं धावले.

शनिवारी दुपारी बहिणीच्या हातचं भरलं वांगं समोर असताना फोनवर ई-चलनाचा संदेश आला. रविवारी सकाळी दुसरा. पहिलं चलन 500 रुपयांचं, दुसरं 1500 चं. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला, तर दोन्ही फोटो उघडले. त्यात माझीच गाडी, मागच्या काचेला लावलेल्या भाच्याच्या स्टिकरसकट. वेळ पहिल्यावर सकाळी 10.42, दुसऱ्यावर 9.15. कलम लिहिलं होतं 122/177. तिथंच तक्रार नोंदवायची सोय असते. मी रागाच्या भरात लिहायलाही घेतलं: ‘गाडी शुक्रवारी लावली होती, त्या दिवशी बंदी नव्हती.’ पाठवणार तेवढ्यात बहिणीनं वाचलं आणि विचारलं, “अगं, पण शनिवारी ती कुठं होती?”

मी पाटी वाचली ती गाडी लावण्याच्या वेळेची समजून. पाटीला मात्र गाडी कधी लावली याच्याशी देणंघेणं नसतं. गाडी उभी आहे का, एवढंच ती बघते. शुक्रवारी संध्याकाळी कायदेशीर असलेली माझी गाडी शनिवारी सकाळी आठ वाजता जागची न हलता बेकायदा झाली. रात्री आठला पुन्हा कायदेशीर, रविवारी आठला पुन्हा गुन्हेगार. पुण्यात पी वन–पी टूच्या रस्त्यांवर सम-विषम तारखांचं हेच होतं. रात्री अकराला नियमानं लावलेली गाडी बारा वाजता तारीख बदलली की चुकीच्या बाजूला जाते.

तरी एक मुद्दा माझ्याकडं शिल्लक होता. पाटी माझ्या गाडीच्या पुढं होती, तीसेक पावलांवर. म्हणजे बंदी तिथून पुढं सुरू होत असणार! रविवारी संध्याकाळी बोटीतून उतरल्यावर आधी त्या खांबाकडं गेले. मिनिडोरवाले एक काका बाजूलाच गाडी पुसत होते. त्यांना सगळं सांगितलं.

“ताई, बाण बघितलात का?” ते म्हणाले.

पट्टीच्या खालच्या टोकाला बाण होता, दोन्हीकडं टोक असलेला. एका बाजूचा बाण असेल तर बंदी त्या बाजूला. दोन्हीकडं असेल तर पाटी बंदीच्या मधोमध उभी आहे, अलीकडंही मनाई आणि पलीकडंही. “सुरुवातीची पाटी ती बघा,” म्हणून त्यांनी मागं बोट दाखवलं. एका रिसॉर्टच्या फ्लेक्सआडून निळ्या गोलाची जेमतेम कड दिसत होती. तेवढ्यानं मला उभारी आली. पाटी झाकलेली असेल आणि त्याच दिवशीचा फोटो असेल, तर तक्रारीत ते सांगता येतं. पण मधली पाटी स्वच्छ दिसत होती, आणि ती मी वाचली होती. काकांना हे सांगावंसं वाटलं नाही.

त्यांनी आणखी एक शिकवलं, जे मला इतकी वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. निळ्या गोलावर एकच तांबडी तिरकी रेघ असेल तर गाडी उभी करून ठेवायची नाही. माणूस उतरवून लगेच निघता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंसुद्धा नाही. “माझा धंदा त्या एका रेघेवर चालतो,” काका म्हणाले. चौकोनी निळ्या पाटीवर पांढरा पी असेल आणि खाली ‘फक्त मिनिडोर’ किंवा ‘फक्त बस’ लिहिलं असेल, तर ती जागा इतरांना नो पार्किंगच. रो-रोच्या रांगेचंही तसंच. तिकीट काढलेल्या गाडीनं चढायच्या वेळी थांबायला ती जागा आहे, मुंबईला गेलेल्या माणसाची गाडी सांभाळायला नाही.

गाडी उचलून नेली नाही हे नशीब, असं मी म्हणाले. घरी येऊन मोटार वाहन कायद्याचं कलम 127 वाचलं आणि नशीब किती मोठं होतं ते कळलं. मनाई असलेल्या जागी उभी गाडी हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला किंवा तिच्या चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो, आणि उचलण्याचा खर्च दंडाशिवाय वेगळा, मालकाच्या माथी. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्याच वाक्यातलं उरलेलं अर्धं: सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस किंवा चालकाविना उभ्या राहिलेल्या गाडीलाही हे लागू आहे. म्हणजे पाटी नसती, तरी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ हा हिशेब माझ्या विरुद्धच जात होता.

याच कायद्यानं आमच्या गल्लीतल्या एका पाटीचाही उलगडा झाला. शेजाऱ्यांच्या फाटकावर लिहिलंय, ‘गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’. वाहतुकीची पाटी लावायचा अधिकार शासनाचा किंवा शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याचा असतो. तिच्यामागं अधिसूचना असते. फाटकावरच्या रंगकामामागं काही नसतं, आणि हवा सोडायचा अधिकार तर कुणालाच नाही. मात्र कुणाच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावायला वाहतुकीच्या नियमांत तशीही मनाई आहे. त्यामुळं शेजाऱ्यांची पाटी पोकळ, पण मागणी बरोबर.

दोन्ही चलनं भरली. दुसरं 1500 चं का, हेही उमगलं. कलम 177 खाली पहिल्या वेळेला 500, पुढच्या वेळेला 1500. महाराष्ट्रात हे दर डिसेंबर 2021 पासून आहेत. माझ्या मते तो एकच गुन्हा होता, कारण गाडी जागची हललीच नव्हती. पण शनिवारची बंदी रात्री आठला संपली होती आणि रविवारची सकाळी नव्यानं सुरू झाली होती. त्यावर भांडायला मुंबईला जाण्यापेक्षा जास्त वेळ गेला असता.

पुढच्या वेळी तासभर आधी निघाले आणि पे अँड पार्कच्या रांगेत थांबले. तिथल्या मुलानं पावती फाडून दिली. तिच्यावर ‘24 तास’ छापलेलं होतं.

“हे चोवीस तास आत्तापासून, की रात्री बारापर्यंत?” मी विचारलं.

त्यानं पावती परत घेतली, उलटसुलट बघितली आणि आतल्या माणसाला हाक मारली.