नरनाळ्याचा कतबा

मागच्या पावसाळ्यात मी नरनाळा किल्ल्यावर पन्नास सेकंदांचा व्हिडिओ केला. अमरावतीच्या माझ्या वर्गातल्या मुलांसाठी. घसा बसला होता, म्हणून मजकूर लिहून संगणकाच्या आवाजात वाचून घेतला. महाकाली दरवाजाचा माझा फोटो अंधुक होता, तेव्हा दरवाजाचं चित्रही संगणकाकडूनच करून घेतलं. मोठं देखणं निघालं.

यूट्यूबवर चढवताना 'Altered content' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'Yes' केलं. खऱ्यासारखं दिसणारं दृश्य बनवलेलं असेल तर तसं सांगा, असा त्यांचा २०२४ पासूनचा नियम आहे. माझ्या मते काम झालं होतं.

चार दिवसांनी अकोटहून एका ओळखीच्या चाचांचा फोन आला. "मास्टर साब, ये कतबा पढ़ने में नहीं आ रहा." दरवाजावरचा १४८७ सालचा शिलालेख त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला. मी चित्र मोठं करून बघितलं. वळणं होती, नुक्ते होते, पण एकही शब्द नव्हता! उर्दू शिकवणाऱ्या माणसाने अरबी लिपीसारखी नक्षी शिलालेख म्हणून मुलांना दाखवली होती.

"पण मी सूचना दिली होती," असं मी म्हणालो. त्यांच्याकडे मात्र सूचना पोचलीच नव्हती. व्हिडिओ कुणीतरी उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. यूट्यूबची खूण यूट्यूबच्या पानावर असते, फाइलच्या आत नसते. आपल्याकडे तर निम्मा व्हिडिओ नात्यागोत्यातल्या ग्रुपांमधूनच फिरतो.

म्हणून दुसऱ्यांदा केला तेव्हा सूचना चित्रातच कोरली. शिलालेखाचा खरा फोटो एका मित्राकडून मागवला. किल्ल्यातला जुना बाजार तेवढा संगणकाचा ठेवला, कारण त्याचा फोटो मिळणारच नाही. 'कल्पनाचित्र, संगणकाने तयार केलेलं' ही ओळ ते दृश्य संपेपर्यंत पडद्यावर राहते. पहिल्यांदा ती खाली लिहिली होती, पण तिथे शीर्षक येतं आणि उजवीकडे बटणं, त्यात ती झाकली गेली. आता वरच्या भागात आहे.

आवाजाचं जरा वेगळं. ऐकणारा पडद्याकडे बघतोच असं नाही, भाकऱ्या थापतानाही ऐकतो. म्हणून पहिलंच वाक्य असं: "हा आवाज संगणकाचा आहे, मजकूर मास्तरांचा." यूट्यूबचा काटेकोरपणा दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करण्याबाबत आहे, साध्या यंत्राच्या आवाजाला तेवढी सक्ती नाही. तरी मी सांगतो. हा आवाज 'चमचा' आणि 'चार' यांतला च एकाच पद्धतीने म्हणतो, आणि तो उच्चार माझा आहे असं मुलांना वाटायला नको.

चाचांना नवा व्हिडिओ पाठवला. त्यांनी कतबा वाचला, पहिल्या ओळीपाशी अडले, मग पुढे गेले. जुना व्हिडिओ मी यूट्यूबवरून काढला आहे. ग्रुपांमध्ये तो अजून फिरतो. परवा माझ्याच मेहुण्याने मला पाठवला.