मोटार थांबलेली असताना

नेमप्लेट कोरणारे एक गिऱ्हाईक परवा वैतागून आले. "दादा, 24 चा सप्लाय काढून 48 चा लावला, तरी स्पिंडल उभ्याउभ्या खाली सरकतोच. उलट सप्लायवरचा करंट निम्मा झाला. मोटारीला वीजच कमी मिळतेय!"

त्यांचा हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण चॉपर ड्रायव्हरची गंमत अशी, की तो व्होल्टेज नाही, करंट सांभाळतो. सगळा सप्लाय वाइंडिंगवर टाकायचा, करंट 2.8 अँपिअरला पोचला की तोडायचा, जरा उतरला की पुन्हा टाकायचा; सेकंदाला हजारो वेळा. मोटार थांबलेली असताना कान लावला तर कधीकधी बारीक शिट्टी ऐकू येते, ती याचीच. त्यांच्या मोटारीच्या वाइंडिंगचा रोध 0.9 ओहम. म्हणजे 2.8 अँपिअर टिकवायला खरं तर अडीच व्होल्ट पुरतात. एवढ्या करंटला दोन वाइंडिंग मिळून जळतात सुमारे 14 वॅट, मग सप्लाय कोणताही असो. म्हणून व्होल्टेज दुप्पट झालं तसा सप्लायवरचा आकडा निम्मा झाला. मोटारीतला करंट होता तेवढाच राहिला, आणि धरून ठेवायची ताकद त्या करंटचीच.

खात्रीसाठी शाफ्टवर 10 सेंटिमीटरची पट्टी बांधली आणि टोकाला ताणकाटा. 24 वर मोटार एक किलोच्या जरा खाली सुटली. 48 वरही तिथेच. पण मोटारीवर लिहिलेल्या 1.9 न्यूटन मीटरच्या हिशेबाने तिने दोन किलोच्या आसपास धरायला हवं होतं. निम्मंच! मग ड्रायव्हरच्या बारक्या स्विचांकडे पाहिलं. मोटार थांबली की करंट अर्धा करणारा स्विच चालू होता. तो फिरवला आणि काटा 1.8 ला गेला. मोटार आता उभ्याउभ्याही तापणार, हे त्यांना सांगून ठेवलं.

मग 48 व्होल्ट वाया गेले का? नाही, ते धावताना कामाला येतात. वाइंडिंगचं इंडक्टन्स 3.2 मिलीहेन्री. करंट एका दिशेचा पूर्ण उलटा करायला 24 वर साधारण 0.75 मिलिसेकंद लागतात, 48 वर त्याच्या निम्मे. मिनिटाला 600 फेऱ्यांवर, पूर्ण स्टेप धरली, तर दर मिलिसेकंदाला दिशा बदलते. 24 वर त्यातला पाऊण वेळ करंट चढवण्यातच जातो. मोटारीची स्वतःची उलटी वीज धरली तर आणखीच. पटकन हलवताना स्टेप चुकतात त्या इथे.

तरी मी त्यांना 36 चा सप्लाय लावायला सांगितलंय. त्यांचा ड्रायव्हर 50 व्होल्टपर्यंतचाच आहे, आणि वेगात येऊन थांबताना मोटार वीज सप्लायकडे परत ढकलते.