सुयांचा रोलर घरात आणण्याआधी

निकाहाची तारीख पक्की झाली की मुलीच्या चेहऱ्याचा विचार सुरू होतो. आमच्या अम्मीच्या काळी तो मुलतानी माती, बेसन आणि गुलाबपाण्यापाशी थांबायचा. आता खेडमध्येही कुरिअरवाला खोकी घेऊन येतो. कुणाच्या खोक्यात बारीक सुयांचा रोलर, कुणाच्या खोक्यात लाल-निळ्या दिव्यांचा मुखवटा, तर कुणाच्या खोक्यात चेहऱ्याला वाफ देणारं यंत्र. तिन्हींत मला धास्ती वाटते ती रोलरची, कारण दिसायला तो खेळण्यासारखा आहे.

माझ्या भाचीने लग्नाला दोन महिने असताना तो मागवला. गालांवर मुरमांचे जुने खड्डे होते आणि हनुवटीवर ताजी मुरमंही. तिने निवडलेल्या सुया एक मिलिमीटरच्या होत्या. रात्री चेहरा धुऊन तिने उभा-आडवा रोलर फिरवला, रक्ताचे बारीक ठिपके आले, आणि वरून व्हिटॅमिन सीचं सीरम चोळलं. पहिल्या दिवशी चेहरा लाल झाला, आणि तसा तो होतोच. पण तिसऱ्या दिवशीही लाली उतरली नाही. उलट रोलर जिथून गेला होता तिथे ओळीने पुवाच्या पुटकुळ्या आल्या. "खाला, हे बरं होण्याआधी असंच होतं म्हणतात," ती मला सांगत होती.

तसं नसतं. साध्या रोलिंगनंतरची लाली एक-दोन दिवसांत ओसरायला हवी. ती वाढली, दुखू लागली, पू दिसला, तर संसर्ग झाला असं समजून डॉक्टरांकडे जावं. ताज्या मुरमातले जंतू सुयांनी गालभर पेरले गेले होते. पुटकुळ्या औषधाने आठवड्यात बसल्या, मागे राहिले ते तपकिरी डाग. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला जखम झाली की ती तिथे जास्त रंग तयार करते, आणि तो उतरायला महिने लागतात. डॉक्टरांनी तिला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं आणि सीरम, लिंबू, स्क्रब सगळं बंद केलं. लग्नात डाग मेकअपखाली होते.

आता मुळातली अडचण बघा. चेहऱ्याच्या कातडीचा वरचा थर साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. खड्डा भरायला जे कोलॅजन लागतं ते त्याच्या खालच्या थरात तयार होतं. दवाखान्यात त्यासाठी दीड मिलिमीटरपर्यंतच्या सुया वापरतात. आधी बधिर करणारं मलम लावतात, सुया निर्जंतुक असतात, आणि मुरमं शांत झाल्याशिवाय हात लावत नाहीत. घरासाठी म्हणून मिळणाऱ्या सुया ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या असतात. त्यांनी वर लावलेलं औषध थोडं जास्त आत जातं, खड्डे मात्र भरत नाहीत. म्हणजे घरी त्यातल्या त्यात कमी धोक्याचा रोलर आपलं काम करत नाही, आणि काम करणारा घरी सुरक्षित नाही.

'जास्त आत जातं' यातही मेख आहे. क्रीममधला सुगंध वा आम्ल वरवर लावल्यावर सोसतं, पण ते आत गेलं की कातडी बंड करते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा सुयांच्या उपचारानंतर चेहऱ्यावर गाठी उठलेल्या तीन स्त्रियांची नोंद छापली. त्यांच्यातल्या दोघींनी व्हिटॅमिन सीचं सीरम लावलं होतं.

आणि एक रोलर दोघी बहिणींनी कधीही वापरू नये. सुईला लागलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी जाऊ शकतो; गरम पाण्यात बुडवून काढणं पुरेसं नाही. पार्लरमध्येही बंद पाकीट आपल्यासमोर उघडायला सांगावं, यात लाज कसली?

मुखवट्याबद्दल थोडक्यात. लाल प्रकाशाने सूज आणि मुरमं काही प्रमाणात कमी होतात, पण घरच्या यंत्राचा प्रकाश दवाखान्यापेक्षा मंद असतो आणि आठवडेच्या आठवडे नेमाने बसावं लागतं. निळा प्रकाश सावळ्या कातडीवर रंग गडद करू शकतो, म्हणून वांग असलेल्यांनी तो टाळावा. २०१९ मध्ये न्यूट्रोजिनाने आपला मुरमांसाठीचा प्रकाश-मुखवटा बाजारातून परत घेतला. डोळ्यांचे काही आजार असलेल्यांना आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना त्याने अपाय होईल, अशी शंका होती. आपल्याकडे मुरमांसाठी आणि पुरानंतर लेप्टोच्या भीतीने दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन अशाच औषधांपैकी आहे. ती चालू असताना मुखवटा कपाटात राहू द्या.

वाफेने रंध्रं 'उघडत' नाहीत, कारण त्यांना उघड-मीट करणारा स्नायूच नाही. आतलं तेल थोडं मऊ होतं, इतकंच. पाच मिनिटं, हातभर अंतरावरून, आठवड्यातून एकदा घेतली तर बहुतेकांना चालते. वांग असेल तर उष्णतेने तो वाढतो. यंत्र जमिनीवर ठेवू नये आणि त्याची वायर लोंबकळू देऊ नये, कारण घरात रांगतं मूल असेल तर ते आधी वायरच ओढतं.