आपला विश्वासू

आमच्या घरी आईने वडिलांचे नाव घेतलेले मी कधी ऐकले नाही. 'इकडे', 'हे', 'अहो' एवढ्यावर तिचा संसार पार पडला. वडीलही आपल्या थोरल्या भावाला 'दादा'च म्हणत. नाव टाळायचे ते मान देण्यासाठी, हे मला बाराखडीच्याही आधी शिकवले गेले होते. या शिकवणीने पुढे एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या मनाला किती लागेल, याची मला तेव्हा काय कल्पना!

गोष्ट 2006 सालची. मी नुकताच कॉलेजात मराठी शिकवू लागलो होतो. इंग्लंडातल्या एका ग्रंथालयात जुन्या मराठी पत्रांची एक बाड आहे, असे कळले. तिच्यातल्या काही पानांच्या प्रती मला हव्या होत्या. तिथल्या कोणाचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून शाळेत घोटून घेतलेला मायना लिहिला, 'डिअर सर'. शेवटी लिहिले 'युअर्स फेथफुली' आणि खाली सही.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. पत्र टंकलेले होते. पण आरंभीचे 'डिअर मिस्टर' आणि त्यापुढचे माझे आडनाव निळ्या शाईने हाताने लिहिलेले होते. शेवटचे 'युअर्स सिन्सिअरली'ही तसेच. मला वाटले, टंकलेखकाने जागा सोडली असेल आणि साहेबांनी ती भरली असेल! मजकूर मोठा आस्थेचा होता. कोणती पाने वाळवीने खाल्ली आहेत, कोणती वाचता येतात, सारे तपशीलवार कळवले होते. सहीखाली त्यांचे पूर्ण नाव टंकलेले होते.

मी भारावून गेलो. एवढा वडीलधारा, विद्वान माणूस! त्याला नावाने कशी हाक मारायची? मी आणखी आदराने लिहिले, 'रिस्पेक्टेड सर', आणि शेवटी पुन्हा 'युअर्स फेथफुली'. त्यावर महिन्याने जे उत्तर आले, त्यात प्रतींचा खर्च, पैसे पाठवण्याची रीत, सारे चोख होते. पण वर 'डिअर सर' आणि खाली 'युअर्स फेथफुली'. शाईचा थेंब फक्त सहीपुरता.

ही दोन्ही पत्रे मी आमच्या इंग्रजीच्या वडील प्राध्यापकांना दाखवली. स्टाफरूममध्ये ते आम्हांला विषयाच्या नावाने हाका मारीत. पत्रे वाचून त्यांनी चष्मा काढला.

"काय मराठी, भांडलात की काय या गृहस्थाशी?"

"छे हो! उलट 'रिस्पेक्टेड' घातले."

"तेच तर! त्याने हस्तांदोलनाला हात पुढे केला आणि तुम्ही आपला मागे घेतलात."

मग चहा निवेपर्यंत त्यांनी मला जे सांगितले, ते तोवर कोणत्याच गुरुजींनी सांगितले नव्हते. इंग्रजांच्या पत्राचा शेवट सुरुवातीला बांधलेला असतो, आणि गाठ असते ती नावाची. माणसाचे नाव न घेता 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' लिहिले, तर शेवटी 'फेथफुली'. 'डिअर मिस्टर ब्राऊन' असे नाव घेतले, तर 'सिन्सिअरली'. तिथल्या शाळांत पोरांना सांगतात की, 'सर' आणि 'सिन्सिअरली' या दोन 'एस'ना एका पत्रात बसवू नका. 'सर ब्राऊन' तर मुळीच नको. 'सर' हा किताब असला तरी तो पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नव्हे. 'युअर्स'चा 'वाय' मोठ्या लिपीतला, पुढच्या शब्दाचे अक्षर धाकटे, आणि 'युअर्स'मध्ये 'एस'च्या आधी ती वरची टिकली द्यायची नाही. ही टिकली आमच्याकडच्या अर्जांत इतकी दिसते की, ती नसली तर चुकल्यासारखे वाटते!

"आणि ती शाई?" मी विचारले.

"ती जुन्या साहेबांची रीत. पत्र कचेरीने टंकायचे, पण मायना आणि शेवट स्वतःच्या हाताने लिहायचा. म्हणजे समोरच्याला कळते, हे नुसते कचेरीचे पत्र नव्हे, माझेही आहे. पहिल्या पत्रात त्याने ते केले. दुसऱ्यात तुम्ही त्याला पुन्हा 'सर' केलेत, तेव्हा बिचारा खुर्चीत जाऊन बसला."

'रिस्पेक्टेड सर' हा मायना त्यांच्याकडे सहसा कोणी लिहीत नाही, हेही तेव्हाच कळले. तो आपला देशी माल. त्याच्या जोडीला आपण 'युअर्स ओबीडियंटली' लावतो. शाळेतल्या रजेच्या अर्जाखालचा 'आपला आज्ञाधारक' तो हाच. साहेबांच्या जुन्या सरकारी पत्रांत 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' असा शेवट असे, पण त्यावरून कोणी कोणाची आज्ञा पाळत होता असे समजू नये. डॉ. जॉन्सनने 1755 साली लॉर्ड चेस्टरफील्डला जे पत्र लिहिले, त्यात गरजेच्या वेळी दारातून परतवणाऱ्या आश्रयदात्याची त्याने सालटी काढली. आणि शेवटी सही मात्र अत्यंत नम्र, अत्यंत आज्ञाधारक सेवक म्हणून केली. शेवटाचे शब्द कोशात पाहून कळत नाहीत, ते असे.

आमचा 'आपला विश्वासू' हा 'फेथफुली'वरूनच बेतलेला. 'महोदय'च्या पत्राखाली तो शोभतो. पण थकलेल्या हप्त्याची नोटीस पाठवणारा जेव्हा 'आपला विश्वासू' म्हणून सही करतो, तेव्हा या विश्वासाचे काय करावे, हे मला अजून उमगलेले नाही. आपली जुनी रीत निराळी होती. ती नावाकडे पाहत नसे, नात्याकडे आणि वयाकडे पाही. वडिलांना 'शि. सा. न.', बरोबरीच्याला 'सा. न. वि. वि.', धाकट्याला 'अ. उ. आ.', आणि शेवट त्या त्या मायन्याला साजेसा, 'लोभ असावा' किंवा 'लोभ आहेच, वाढावा'. तिथे नाव घेणे ही जवळीक, इथे नाव टाळणे हा आदर. मी इंग्रजी शब्द वापरून मराठी पत्र लिहिले होते, एवढाच माझा गुन्हा.

हा नियम सगळीकडे चालतो असेही नाही. अमेरिकेत 'फेथफुली' फारसे कोणी लिहीत नाही. तिथे अनोळख्यालाही 'सिन्सिअरली' चालते. आताच्या ईमेलात तर 'रिगार्ड्स' टाकला की सारे भागते. त्यात रागही मावतो आणि लोभही. पण कागदावर लिहिणाऱ्या त्या पिढीतल्या इंग्रजाला ही गाठ सुटलेली लगेच दिसे.

त्या रात्री मी पुन्हा पत्र लिहायला बसलो. 'डिअर मिस्टर' इथपर्यंत लेखणी चालली. पुढे वडिलांच्या वयाच्या माणसाचे आडनाव लिहायचे होते. ते लिहायला मला चांगली दहा मिनिटे लागली. मग आमच्याकडे नाव का घेत नाहीत ते चार ओळींत लिहिले आणि 'युअर्स सिन्सिअरली' म्हणून सही केली.

उत्तर आले. वर आणि खाली दोन्हीकडे निळी शाई होती. पानांच्या प्रती तयार असल्याचे लिहून झाल्यावर त्यांनी एक ओळ हाताने जोडली होती: आपल्या हातून तुमचा काय अपमान झाला असावा, याचा मी गेला महिनाभर विचार करीत होतो.