एकच शब्द, तोही मोठ्या अक्षरांत



अनोळखी नंबरवरून पहिलाच मेसेज येतो. नाव नाही, गाव नाही. इंग्रजी मोठ्या लिपीत एकच शब्द आणि पुढे तीन-चार उद्गारचिन्हं. आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटतं, ही बाई आपल्यावर ओरडतेय. सुना आणि नातवंडांनी आपल्याला शिकवलेलं असतं की सगळी अक्षरं मोठी म्हणजे आरडाओरडा. कम्प्युटरवर लिहिणाऱ्यांमध्ये हा संकेत १९८० च्या दशकात रुळला आणि तिथून तो मोबाईलवर आला. पण आपण देवनागरीत वाढलो. आपल्या 'क'ला मोठा 'क' नसतो. मोठ्या अक्षराचा आवाज मोठा, हे आपल्या पिढीच्या कानांना मुळात ठाऊकच नाही.

उलट आपण मोठ्या अक्षरांना मान द्यायलाच शिकलो. बँकेच्या फॉर्मवर नाव मोठ्या सुट्या अक्षरांत लिहायचं, कारण ते नीट वाचता येतं. तार यायची तीही सगळी मोठ्या अक्षरांत, कारण तारेच्या यंत्राला लहान अक्षरं नसायचीच. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तार बंद झाली, पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोठी अक्षरं आणि कमीत कमी शब्द ही सवय तोवर हाडीमासी रुजली होती. उद्गारचिन्हांचंही तसंच. लग्नपत्रिकेत 'यायचं हं!!' असं छापलेलं असतं, ते काय रागानं?

शिवाय पुष्कळदा बोटं जाड असतात आणि फोन हट्टी असतो. साध्या बटणांच्या फोनवर `#` दाबलं की अक्षरं लहानाची मोठी होतात आणि पुढे तशीच राहतात. टचच्या फोनवर वर तोंड केलेला बाण दोनदा दाबला गेला की मोठी अक्षरं पक्की होतात. त्या बाणाखाली एक बारीक रेघ दिसते, ती चष्म्याशिवाय कोणाला दिसणार? मी बी.कॉम. करताना टायपिंगच्या क्लासला जायचे. तिथल्या मशीनवर शिफ्टची कळ अडकली की पूर्ण पान मोठ्या अक्षरांत निघायचं. तेव्हा कोणी कोणाला उद्धट म्हटलं नाही!

हे एवढं सांगण्याचं कारण, आमच्या ओळखीच्या एका महिला मंडळाच्या ग्रुपवर घडलेली गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींना सुनेनं ग्रुपवर घातलं. त्यांचा पहिला मेसेज आला, `PRANAM!!!`. दोन मिनिटांत कोणीतरी लिहिलं, 'मोठ्या अक्षरांत लिहू नये, ओरडल्यासारखं वाटतं.' त्याखाली चौघींचे हसरे चेहरे. प्रणामाला उत्तर म्हणून कोणी प्रणाम केलाच नाही. मावशी रात्री ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि सुनेला म्हणाल्या, मला हे यंत्र नको. लिहिणारीनं कदाचित चांगल्या हेतूनं लिहिलं असेल. पण नवीन माणूस दारात उभं असताना आपण त्याच्या चपला कशा काढल्यात ते बघतो का? आधी 'या' म्हणतो. अक्षरं कशी लहान करायची ते आठ-दहा दिवसांनी, समोरासमोर, चहा पिताना सांगता येतं.

मग उत्तर द्यायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. आधी अभिवादन, मग आपलं नाव, कारण समोरच्या माणसाला मेसेज योग्य ठिकाणी पोचला का याचीच धास्ती असते. मग एक किंवा फार तर दोन प्रश्न, आणि तेही असे की उत्तर एका अंकात किंवा एका शब्दात देता यावं. ज्यानं मोठ्या कष्टानं एक शब्द टाईप केला, त्याला 'सविस्तर कळवा' म्हणणं म्हणजे चढण चढून दमलेल्याला आणखी दहा पायऱ्या दाखवणं. नुसतं '?' तर अजिबात पाठवू नये. त्यानं समोरचं माणूस गोंधळतं आणि तोच शब्द आणखी चार चिन्हं लावून पुन्हा पाठवतं.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये असाच एक मेसेज मला आला, संध्याकाळी पाच वाजायला वीस मिनिटं असताना. `CHOVIHAR!!!`. एवढंच. आपल्याला तो शब्द कळतो, म्हणून त्यातली घाईही कळते. त्या दिवसांत मुक्ताईनगरला पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. त्यानंतर चौविहारवाल्या माणसाला अन्न नाही आणि पाणीही नाही. आधी फोन लावला. पलीकडून गाडीचा आवाज आणि 'ऐकू येत नाही, ऐकू येत नाही', मग कट. म्हणजे बाईंना कानाचा त्रास असणार, म्हणूनच त्यांनी लिहिलं.

मेसेज व्हॉट्सअॅपवर नव्हता, साधा एसएमएस होता. असा एसएमएस देवनागरीत लिहिला तर सत्तर अक्षरांतच भरतो, इंग्रजी अक्षरांत एकशेसाठ मावतात. शिवाय जुन्या फोनवर देवनागरीच्या जागी कधीकधी नुसते चौकोन दिसतात. म्हणून त्यांच्याच लिपीत, पण लहान अक्षरांत लिहिलं: जय जिनेंद्र, मी मुक्ताईनगरची अमुक, किती जण? कुठपर्यंत आलात? चार मिनिटांनी उत्तर आलं, `2 MALKAPUR!!!`. सगळं कळलं. मलकापूर म्हणजे हायवेनं पाऊण तास. कुकर लावला, मुगाची डाळ आणि भात, चार पोळ्या. दुसरा मेसेज केला की जेवण तयार आहे, चौकात मुलगा उभा आहे, गाडीचा रंग कळवा. `SAFED!!!`.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी दोघं दारात. बाई इतक्या मृदू बोलणाऱ्या की त्यांचं बोलणं ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. माझा नंबर त्यांना अकोल्याच्या भाचीनं दिला होता. उद्गारचिन्हांबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, 'एक दाबायला गेलं की तीन होतात.'

आता एक बाजू राहिली, ती सांगायलाच हवी. हाच मोठ्या अक्षरांतला एक शब्द फसवणारेही वापरतात. `URGENT!!!` असा मेसेज नव्या नंबरवरून येतो आणि फोटो असतो आपल्या दिराचा किंवा भाच्याचा. घाबरून आपण 'काय झालं?' असं लिहिलं की गोष्ट पैशांवर येते. ओळखायचं कसं? खऱ्या गरजेतला माणूस तुमच्या छोट्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो: दोन, मलकापूर, सफेद. ठग उत्तर टाळतो, फोन उचलत नाही आणि लगेच रक्कम सांगतो. अशा वेळी त्या मेसेजला उत्तर न देता, तुमच्या डायरीत त्या नातलगाचा जो जुना नंबर आहे त्यावर फोन लावा. पैसे गेलेच असतील तर घरच्यांना सांगायला लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडकण्याची शक्यता जास्त. आणि कोणी खरोखरच जिवाच्या संकटात आहे असं वाटलं, तर टाईप करत बसायचं नाही, ११२ लावायचा.